कावीळ: काय खाल्ले आणि काय घेतले नाही

2024 च्या जुलैमध्ये मला हिपॅटायटिस ए या विषाणूमुळे कावीळ झाली आणि ऑक्टोबरअखेरीस रक्ताचे सर्व रिपोर्ट पूर्ववत झाले. या काळात औषध असे जवळजवळ काहीच नव्हते. होते ते खाणे, पाणी, विश्रांती आणि वाट पाहणे. आमच्या खानापूर तालुक्यात कावीळ म्हटली की घरोघरी पथ्याची वेगळी यादी निघते आणि प्रत्येक गावात कावीळ उतरवणारा कोणीतरी असतोच. त्या गर्दीत डॉक्टरांनी नेमके काय सांगितले, ते का सांगितले आणि घरी ते कसे पाळले, हे क्रमाने लिहून ठेवते. मी डॉक्टर नाही, मराठी माध्यमाच्या शाळेत शिक्षिका आहे. इथली प्रमाणे माझ्या 54 किलो वजनाला आणि माझ्या रिपोर्टला धरून दिलेली आहेत. गरोदर स्त्रिया, मधुमेही, आधीच यकृताचा आजार असलेले लोक यांचा हिशेब वेगळा असतो आणि तो त्यांच्या डॉक्टरांनीच मांडायला हवा.

9 जुलैला ताप आला. अंग मोडून आले होते, तोंडाला चव नव्हती आणि स्वयंपाकघरात फोडणी पडली की मळमळून उलटी होत असे. पावसाळ्यातला ताप म्हणून गावातील डॉक्टरांनी मलेरिया आणि डेंग्यूची तपासणी केली; दोन्ही नव्हते. 13 तारखेला ताप उतरला आणि आजार गेला असे सर्वांना वाटले, पण त्याच दिवशी लघवी गडद तपकिरी झाली आणि संध्याकाळी सासूबाईंना माझ्या डोळ्यांचा पांढरा भाग पिवळसर दिसला. ताप उतरताच पिवळेपणा दिसू लागणे ही या आजाराची नेहमीची चाल आहे, हे मला नंतर कळले. लागण मात्र त्याच्या बरीच आधी झालेली असते. विषाणू पोटात गेल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत 15 ते 50 दिवस, बहुधा महिनाभर जातो. म्हणजे आदल्या रात्री खाल्लेल्या भेळीला दोष देण्यात अर्थ नव्हता. जूनच्या पहिल्या पावसात आमच्या गल्लीतले नळाचे पाणी काही दिवस गढूळ येत होते, आणि गल्लीत आणखी दोन-तीन घरांत कावीळ निघाली, तेव्हा बोट तिकडे गेले.

15 जुलैला बेळगावला पोटाच्या विकारांच्या डॉक्टरांना दाखवले. त्यांची तपासणी फी 500 रुपये, यकृताच्या चाचण्या 650, रक्त गोठण्याची चाचणी 400, हिपॅटायटिस ए, ई आणि बी यांच्या चाचण्या मिळून 2,400 आणि सोनोग्राफी 1,100, असा पहिल्या दिवशीचा खर्च 5,050 रुपये झाला. बाकीचे रिपोर्ट दुपारपर्यंत मिळाले; कोणता विषाणू आहे ते सांगणारा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला. हिपॅटायटिस ए ची ताजी लागण दाखवणारी आयजीएम चाचणी पॉझिटिव्ह, ई आणि बी निगेटिव्ह. काविळीचा पिवळा रंग ज्याच्यामुळे येतो ते बिलिरुबिन 6.8 होते (साधारणपणे 1 च्या आसपास असते), एसजीपीटी 2,140 (40 च्या आसपास असायला हवे) आणि आयएनआर 1.3.

हा शेवटचा आकडा बहुतेकांच्या लक्षातही येत नाही, पण डॉक्टरांची नजर सर्वप्रथम त्यावरच गेली. रक्त गोठवणारे घटक यकृत तयार करते. यकृताचे काम खरोखर मंदावले तर रक्त गोठायला वेळ लागतो आणि आयएनआर 1 वरून चढत जातो. एसजीपीटी म्हणजे इजा झालेल्या पेशींतून रक्तात सांडलेला पदार्थ. इजा किती झाली ते तो सांगतो, उरलेले यकृत काम करते आहे की नाही ते सांगत नाही. डॉक्टर म्हणाले, “बाई, दोन हजारांना घाबरू नका. हा शेवटचा आकडा दीडच्या वर गेला, तर मात्र मला लगेच कळवा.” त्याबरोबर आणखी काही खुणा त्यांनी केसपेपरच्या मागे लिहून दिल्या: दिवसा गुंगी आणि रात्री जाग असा झोपेचा उलटा क्रम, बोलण्यात असंबद्धपणा, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, पोटात काहीच न टिकण्याइतक्या उलट्या. यातले एकही दिसले तर फोन करत न बसता थेट रुग्णालयात यायचे, असे त्यांनी माझ्या यजमानांना बजावले. अशी वेळ फार थोड्या रुग्णांवर येते, पण आली तर तासांचा प्रश्न असतो.

औषधाच्या चिठ्ठीवर मळमळ थांबवणारी एक गोळी होती, तीही गरज पडली तरच. विषाणूवर औषध नाही. शरीरच त्याला काढून टाकते. यकृताचे म्हणून मिळणारे कोणतेही टॉनिक त्यांनी दिले नाही आणि ताप आलाच तर पॅरासिटामॉल दिवसाला 2 ग्रॅमच्या आतच घ्यायला सांगितले. चिठ्ठी इतकी लहान असल्याने यजमानांना थोडे अवघडल्यासारखे झाले; पाच हजार खर्च करून एकच गोळी, हा भाव त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

घरी आलो तेव्हा पथ्याची यादी आमच्या आधी पोचली होती. हळद बंद, कारण ती पिवळी. तेल-तूप बंद, मीठ बंद, डाळ बंद. खायचे ते उकडलेले, प्यायचा तो उसाचा रस आणि ग्लुकोजचे पाणी. हे सांगणाऱ्या सर्वजणी जीव लावणाऱ्या होत्या, त्यामुळे त्यांना नाही म्हणणे डॉक्टरांच्या सूचना पाळण्यापेक्षा अवघड होते. सुदैवाने डॉक्टरांनी प्रत्येक गोष्टीचे कारण सांगितले होते, आणि कारण सांगता आले की सासूबाईंशी बोलणे सोपे जाते, हा माझा जुना अनुभव आहे.

तेला-तुपाचे असे आहे. कावीळ असताना पित्त आतड्यात कमी उतरते आणि ते कमी असले की जड, तळलेले अन्न पचायला त्रास होतो, मळमळ वाढते. म्हणून तळण टाळायचे, ते सोसत नाही म्हणून. स्निग्ध पदार्थाने यकृताला इजा होते म्हणून नव्हे. मऊ भातावर चमचाभर तूप सोसत असेल तर ते अवश्य घ्यावे, कारण खाणेच जेमतेम जात असताना त्या चमच्याने अन्नाला चव येते आणि बळही मिळते. हळदीचा काविळीच्या रंगाशी संबंध नाही. तो रंग बिलिरुबिनचा. वरणातली चिमूटभर हळद चालते. मात्र हळदीचा अर्क भरलेल्या कॅप्सूल हे वेगळे प्रकरण आहे. त्यांनी काही लोकांच्या यकृताला इजा झाल्याची उदाहरणे आहेत, म्हणून त्या नकोत. डाळ बंद करणे तर चुकीचेच, कारण यकृताला नव्या पेशी घडवायच्या असतात आणि त्यासाठी प्रथिने लागतात. मला दिवसाला 55 ते 60 ग्रॅम प्रथिने आणि साधारण 1,700 कॅलरी इतके अन्न पोटात जायला हवे, असे त्यांनी सांगितले होते. नुसत्या उकडलेल्या भाज्या आणि ग्लुकोज यांवर याच्या निम्म्यानेही भरत नाही, आणि रोगी बरा होता होता अशक्त होत जातो. उसाच्या रसात साखरेपलीकडे काविळीसाठी खास असे काही नाही; उलट पावसाळ्यात गाड्यावरचा रस, त्यातला बर्फ आणि बादलीत बुचकळलेले ग्लास म्हणजे ज्या वाटेने हा आजार येतो तीच वाट.

सर्वांत उपयोगी पडलेली सूचना मात्र काय खावे याची नव्हती, केव्हा खावे याची होती. या आजारात मळमळ सकाळी कमी असते आणि दिवस चढत जाईल तशी वाढते. म्हणून दिवसाचे मुख्य जेवण सकाळीच उरकायचे आणि रात्री थोडक्यात भागवायचे. आमच्या घरी हे उलटे असते. सकाळी चहाबरोबर काहीतरी आणि रात्री सर्वांनी मिळून भाकरी. पहिले दोन आठवडे मी एकटीच घरच्या घड्याळाबाहेर जेवत होते.

उठल्या उठल्या, अंथरुणातून पाय खाली टाकण्याआधी, मूठभर कोरडे चुरमुरे चावून खात असे. त्याने पोटातली ढवळ बसायची. साडेआठला दोन-तीन इडल्या आणि घट्ट वरण, किंवा कमी तेलातले उप्पीट आणि एक केळे. अकराच्या सुमारास घरी विरजलेल्या दह्याचे ताक. एक वाजता मऊ भात, मुगाचे वरण, दुधी किंवा दोडक्याची भाजी आणि चमचाभर तूप. चारला दूध घालून नाचणीची आंबील. सातला तांदळाची पेज, तिच्यात मीठ आणि जिरे, बरोबर लिंबाच्या लोणच्याची चिमूट. आठवड्याभराने वास सोसू लागल्यावर सकाळी एक उकडलेले अंडे वाढवले, मग दोन. जोंधळ्याची भाकरी ऑगस्टमध्ये पुन्हा सुरू झाली, तीही आधी दुधात कुस्करून. ज्या दिवशी इडलीही जात नसे, त्या दिवशी तासातासाला चार घास पेज, असा बेत असे. फळे सोलून खायची तेवढीच: केळी, संत्री, पपई. चिरून ठेवलेली फळे आणि बाहेरची कोशिंबीर अजिबात नाही.

पाण्याच्या बाबतीत एक गोष्ट मला नवीन होती. एरवी लघवी पिवळी झाली की पाणी कमी पडते आहे असे आपण समजतो. काविळीत हा अंदाज चालत नाही, कारण लघवीचा रंग बिलिरुबिनमुळे गडद झालेला असतो आणि कितीही पाणी प्यायले तरी तो लगेच उतरत नाही. रंग फिका व्हावा म्हणून घागरभर पाणी ढोसण्याने काही साधत नाही. पोट भरते आणि जेवण जात नाही. त्याऐवजी दर तीन-चार तासांनी लघवी होते आहे ना, जीभ ओली आहे ना, उभे राहिल्यावर घेरी येत नाही ना, एवढे पाहायचे. पेज, ताक, वरणाचे पाणी, नारळपाणी असे सगळे धरून दोन-सव्वादोन लिटर मला पुरत होते. उलटी झाली त्या दिवशी मात्र ओआरएसची एक पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवून घोट घोट घेतली. साधा कँडलचा फिल्टर विषाणू अडवू शकत नाही. म्हणून पाण्याला खळखळून उकळी आल्यावर आणखी मिनिटभर ती राहू द्यायची आणि त्याच भांड्यात झाकून ठेवायचे.

घरच्यांना लागण होऊ नये यासाठीही काही करावे लागले. पिवळेपणा दिसण्याच्या आधीचे दोन आठवडे आणि नंतरचा साधारण एक आठवडा विष्ठेतून विषाणू बाहेर पडत असतो. त्यामुळे मी स्वयंपाकाला हात लावला नाही, संडास वापरल्यावर साबणाने हात धुणे आणि रोज ब्लीचिंग पावडरने तो स्वच्छ करणे एवढे कसोशीने पाळले. ताट-वाटी वेगळी ठेवून मला माजघरात एकटे बसवण्याची मात्र गरज नव्हती. मुलाला दुसऱ्याच दिवशी हिपॅटायटिस ए ची लस दिली. संपर्क आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत दिली तर ती आजार रोखू शकते. त्या डोसला साधारण पंधराशे रुपये लागले.

19 जुलैचा रिपोर्ट हा या सगळ्या काळातला सर्वांत कठीण प्रसंग ठरला. एसजीपीटी 980 वर उतरले होते, पण बिलिरुबिन 6.8 वरून 11.2 झाले होते आणि आरशात मी आधीपेक्षा पिवळी दिसत होते. अंगाला खाज सुटली होती. घरात त्या रात्री कोणी धड जेवले नाही. डॉक्टरांनी मात्र आयएनआर पाहिला, तो 1.2 होता, आणि सांगितले की हा रिपोर्ट आधीच्यापेक्षा चांगला आहे. पेशींची इजा थांबू लागते तेव्हा एसजीपीटी आधी उतरते. साचलेले बिलिरुबिन बाहेर पडायला वेळ लागतो आणि ते आणखी काही दिवस चढत राहते. एसजीपीटी झपाट्याने उतरत असताना आयएनआर चढत असेल, तर मात्र ती सुधारणा नव्हे, ते धोक्याचे लक्षण. कारण तेव्हा सांडायला पेशीच उरलेल्या नसतात. दोन आकडे एकत्र वाचायचे असतात, ते असे.

नेमक्या याच दिवसांत नाकात थेंब सोडणाऱ्यांचा निरोप आला. शेजारच्या आज्जी सकाळी येऊन म्हणाल्या, “जेवलासा काय? डोळे बघा की किती पिवळे. दोन थेंब सोडतंत नाकात, सगळं पिवळं पाणी भाईर पडतंय, तीन दिसांत उतरतंय.” त्यांच्या मुलाची कावीळ अशीच उतरली होती आणि त्या खोटे बोलत नव्हत्या. पिवळे पाणी खरोखर पडते. हे थेंब बहुधा देवडांगरीच्या कडू फळाच्या रसाचे असतात. नाकाच्या आतली नाजूक त्वचा त्याने इतकी चिडते की तासन्‌तास पाणी गळत राहते आणि ते पिवळसर असते. पण ते त्या त्वचेतून सुटलेले पाणी. बिलिरुबिनला नाकातून बाहेर पडायची वाट नाही, ते पित्तातून आणि लघवीतून जाते. हातावर कसल्याशा झाडाच्या सालीचा रस चोळून चुन्याच्या पाण्यात हात बुडवायला लावतात आणि पाणी पिवळे होते, त्यातही पिवळेपणा सालीच्या रसाचा आणि चुन्याचा असतो. निरोगी माणसाने हात बुडवले तरी तो दिसतो. आणि तीन दिवसांत उतरते म्हणावे, तर लोक तिथे जातात केव्हा? डोळे सर्वांत पिवळे दिसतात तेव्हा. त्यानंतर हिपॅटायटिस ए बहुतेकांमध्ये आपोआपच उतरणीला लागलेला असतो.

डॉक्टरांचा आक्षेप थेंबांपेक्षा पोटात घ्यायच्या पुड्यांना अधिक होता. त्यांनी वनस्पतींची निंदा केली नाही. त्यांचे म्हणणे असे की बाहेरून आलेल्या बहुतेक पदार्थांची विल्हेवाट यकृताला लावावी लागते. आजारी यकृतावर ते काम कमीत कमी टाकावे, आणि पुडीत काय आहे, किती आहे, त्यात आणखी काही मिसळले आहे का, हे कोणालाच ठाऊक नसते. निरुपद्रवी समजल्या जाणाऱ्या वनस्पतींचेही काही सांगता येत नाही. कोविडच्या काळात लोक रोज गुळवेलीचा काढा पिऊ लागले तेव्हा त्यातून यकृताला सूज आल्याचे रुग्ण मुंबईतील डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवले होते. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला आक्षेप घेतला होता, हेही खरे. “तुम्हाला आयुर्वेदाची औषधे घ्यायची असतील तर नोंदणीकृत वैद्यांना हे रिपोर्ट दाखवा, त्यांनी लिहून दिलेला कागद मला आणून दाखवा. पण बिनकागदाची पुडी नको,” एवढेच ते म्हणाले. मी त्या दिवसापासून एका वहीत पोटात गेलेली प्रत्येक गोळी तारखेसह लिहू लागले. आज्जींना मी वाईट वाटू दिले नाही; त्यांनी आणलेले शहाळे प्यायले आणि पुढच्या रिपोर्टनंतर बघू असे सांगितले.

29 जुलैला बिलिरुबिन 6.1 आणि एसजीपीटी 240 झाले, 12 ऑगस्टला 2.4 आणि 88. भूक परतली होती, खाज गेली होती. विश्रांतीचा नियम सोपा ठेवला होता. सक्तीने पडून राहायचे नाही, कारण त्याने आजार लवकर जात नाही, फक्त पायांतली ताकद जाते. घरात फिरायचे, अंघोळीनंतर थोडे बसायचे, आणि आज केलेल्या कामाने उद्या सकाळी उठवत नसेल तर ते काम निम्मे करायचे. पहिल्या आठवड्यात केस विंचरूनही दम लागत असे. ऑगस्टच्या मध्यात गल्लीच्या टोकापर्यंत चालता येऊ लागले.

शाळेच्या रजेबद्दल इथे सांगून टाकते, कारण ऐन आजारात तेच सुचत नाही. वैद्यकीय प्रमाणपत्रावर आजाराचे नाव, विश्रांतीचे दिवस, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि शिक्का हवा. ते पहिल्या भेटीतच मागून घ्यावे. अर्ज कन्नडमध्ये लिहावा लागतो. माझा सहशिक्षिकेने लिहून दिला. पूर्ण पगाराची परिवर्तित रजा घेतली की अर्धपगारी रजेच्या खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात, हे आधी ठाऊक असलेले बरे. आणि रुजू होताना तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र नसेल तर हजेरीपत्रकावर सही करू देत नाहीत. मी 20 ऑगस्टला ते घेऊन रुजू झाले. मुख्याध्यापकांनी मला माध्यान्ह आहाराच्या कामातून काही काळ वगळले.

सप्टेंबरमध्ये गणपती झाले, गौरी झाल्या, आणि 14 तारखेच्या सुमारास पुन्हा थकवा आला. दोन दिवसांत लघवी गडद झाली. 17 सप्टेंबरच्या रिपोर्टमध्ये एसजीपीटी 610 आणि बिलिरुबिन 4.1 होते. घरात लगेच चौकशी सुरू झाली: गौरीच्या जेवणातली पुरणपोळी, तळलेले मोदक, कोणी घातलेली जास्त हळद. सासूबाईंनी तर स्वतःला दोष देत दोन दिवस तोंडात घास घातला नाही.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो मोदकांचा नव्हता. “बाहेरचे काही घेतले का? काढा, पुडी, टॉनिक, वेदनाशामक गोळी, काहीही?” मी वही पुढे ठेवली. त्यांनी ती पाने उलटून पाहिली, पुन्हा तोच प्रश्न यजमानांना स्वतंत्रपणे विचारला आणि मग सांगितले की हा आजार उलटला आहे. हिपॅटायटिस ए झालेल्यांपैकी साधारण दहातल्या एकाला बरे वाटू लागल्यावर काही आठवड्यांनी तो असा एकदा परत डोके वर काढतो. बहुधा पहिल्यापेक्षा सौम्य असतो आणि आपणहून जातो. खाण्यातल्या चुकीने तो होत नाही. आयएनआर 1.1 होता. उपचार तोच: खाणे, पाणी, थकव्यापुरती विश्रांती. या काळात विष्ठेतून पुन्हा विषाणू पडू शकतो, म्हणून हात धुणे आणि ब्लीचिंग पावडर पुन्हा सुरू. हिपॅटायटिस ए कधीही कायमचा मुक्काम करत नाही, हे वाक्य मी त्यांच्याकडून सासूबाईंसाठी म्हणून फोनवर पुन्हा वदवून घेतले.

वही हाताशी असल्याने ही तपासणी दहा मिनिटांत आटोपली, आणि तिचे मोल मला त्याच आठवड्यात कळले. माझ्या चुलत दिरांना जुलैतच, बहुधा त्याच पाण्याने, कावीळ झाली होती. ते पुडीवाल्याकडे गेले, पंधरवड्यात बरे झाले आणि पुढेही यकृत मजबूत व्हावे म्हणून पुडी घेत राहिले. सप्टेंबरमध्ये त्यांचेही डोळे पुन्हा पिवळे झाले. एसजीपीटी 1,300, बिलिरुबिन 14, आयएनआर 1.8. त्यांच्या बाबतीत डॉक्टरांसमोर दोन शक्यता होत्या: माझ्यासारखाच आजार उलटला असेल, किंवा पुडीने यकृताला नवी इजा केली असेल. रक्ताच्या नेहमीच्या चाचण्यांत या दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. हिपॅटायटिस ए ची आयजीएम चाचणीही उपयोगाची नव्हती, कारण पहिल्या आजारानंतर ती तीन ते सहा महिने पॉझिटिव्हच राहते. पुडीवर नाव नव्हते. ती देणाऱ्याने तीन मुळ्या आणि एक पाला एवढेच सांगितले. आयएनआर चढलेला असल्याने भावोजींना दाखल करावे लागले, रोज रक्त तपासावे लागले, इतर कारणे वगळण्यासाठी आणखी चाचण्या कराव्या लागल्या, आणि गरज पडली तर यकृत प्रत्यारोपणाची सोय असलेल्या मोठ्या शहरातील रुग्णालयात हलवण्याची तयारी ठेवा, असेही सांगण्यात आले. पुडी बंद केल्यावर आकडे उतरले. ती बंद केल्यामुळे उतरले की उतरणारच होते, हे आजही कोणी सांगू शकत नाही. “वहिनी, मला फक्त लवकर बरं व्हायचं होतं,” असे ते मला रुग्णालयातून फोनवर म्हणाले. त्यांचा खर्च माझ्या सगळ्या खर्चाच्या कितीतरी पट झाला.

कोणी पुड्या आधीच घेतल्या असतील, तर त्या फेकून देऊ नयेत आणि लपवूही नयेत. उरलेली पुडी, बाटली, झाडपाला जे असेल ते पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्यावे आणि केव्हापासून किती घेतले ते खरे सांगावे. भावोजींनी दोन दिवस सांगितलेच नव्हते, आणि तेवढा वेळ चाचण्या भलत्याच दिशेने चालल्या होत्या.

माझे आकडे ऑक्टोबरभर उतरत गेले. 28 ऑक्टोबरला बिलिरुबिन 0.9 आणि एसजीपीटी 34 आले. त्यानंतर पथ्य म्हणून काही उरले नाही. तळलेलेही चालेल, असे डॉक्टर म्हणाले. दारू पिणाऱ्या रुग्णांना ते आणखी काही महिने ती पूर्ण बंद ठेवायला सांगतात. हा आजार एकदा झाला की आयुष्यभर पुन्हा होत नाही, पण ई किंवा बी हिपॅटायटिसपासून त्याने संरक्षण मिळत नाही, म्हणून पाणी उकळणे आमच्याकडे सुरूच आहे. मुलाचा लसीचा दुसरा डोस जानेवारीत झाला. डिसेंबरमध्ये शाळेत रक्तदान शिबिर होते. तिथल्या अर्जावर कावीळ झाली होती का, असा रकाना होता. हिपॅटायटिस ए बरा झाल्यावर बारा महिने रक्त देता येत नाही, म्हणून मी त्या रकान्यात आजाराचे नाव आणि 28 ऑक्टोबर ही तारीख लिहिली आणि त्या वर्षी नोंदणीच्या टेबलावर बसले.